गाडी पाचची, घड्याळ बुधवारचं

मे 2024 मधली गोष्ट. मावशीकडच्या चौघांना लग्नाला नागपूरला जायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला पुण्याहूनच सुटणारी गाडी, थ्री टायर एसीची चार कन्फर्म तिकिटं. मावशी, काका, त्यांचा मुलगा मंदार आणि सून अश्विनी. बुधवारी दुपारी काकांना सणकून ताप भरला. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्ट संध्याकाळी सातला मिळेल असं सांगितलं.

मी सहज चौकशीला फोन केला तेव्हा चार वाजले होते. मावशी म्हणाली, "अरे, रिपोर्ट येऊ दे, मग बघू. गाडी परवाची आहे ना!"

गाडी परवाची होती हे खरंच. पण तिकिटाचं घड्याळ बुधवारी पाच वाजताच पहिला टोला देणार होतं. शुक्रवारी पाचच्या आधी 48 तास म्हणजे बुधवारचे पाच. तिच्या हातात तासभर उरला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. आपल्यातल्या बहुतेकांचं असंच होतं. "तिकीट रद्द केलं तर पैसे कापतात" एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते कधी, किती आणि कशावरून कापतात, हे खात्यात पैसे आल्यावर कळतं.

तीन टोले

हा सगळा हिशोब ठरतो तो तिकीट रद्द करणे आणि भाडे परत देणे यासंबंधीच्या रेल्वेच्या 2015 च्या नियमांनी. ते 12 नोव्हेंबर 2015 पासून लागू झाले. कन्फर्म तिकिटासाठी 2024 मध्ये त्यांत तीन वेळा महत्त्वाच्या होत्या: गाडीच्या आधीचे 48 तास, 12 तास आणि 4 तास.

गाडी सुटायला 48 तासांपेक्षा जास्त वेळ असताना तिकीट रद्द केलं, तर दर माणशी ठरावीक रक्कम कापली जायची. साध्या सेकंड क्लासच्या आरक्षणाला 60 रुपये, स्लीपरला 120, थ्री टायर एसी आणि एसी चेअर कारला 180, टू टायर एसीला 200 आणि फर्स्ट एसीला 240. भाडं कितीही असलं तरी ही रक्कम तीच राहते.

48 ते 12 तासांच्या मधे भाड्याच्या 25 टक्के कापत, 12 ते 4 तासांच्या मधे 50 टक्के. शेवटच्या चार तासांत कन्फर्म तिकीट रद्द केलं तर काहीही परत मिळत नसे. एसीच्या डब्यात भाड्यावर 5 टक्के जीएसटी असतो. तिकीट रद्द झाल्यावर तो परत मिळतो, पण कापलेल्या रकमेवर पुन्हा 5 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे थ्री टायर एसीचे 180 रुपये हातात येताना 189 होतात.

आता मावशीच्या तिकिटांचं बघू. हिशोब सोपा राहावा म्हणून जीएसटी सोडून भाडं दर माणशी 1,200 रुपये धरतो. चौघांचे 4,800, त्यावर 240 जीएसटी, एकूण 5,040.

बुधवारी साडेचारला चारही तिकिटं रद्द केली असती, तर माणशी 189 प्रमाणे 756 रुपये गेले असते आणि 4,284 परत आले असते. तेच बुधवारी साडेपाचला केलं असतं, तर 1,200 चे 25 टक्के म्हणजे 300, अधिक जीएसटी 15, असे माणशी 315. चौघांचे 1,260 जाऊन 3,780 परत. तासाभरात 504 रुपयांचा फरक पडला असता.

यानंतरचे जवळजवळ दीड दिवस रक्कम हलत नाही. बुधवारी संध्याकाळी सहाला रद्द करा, नाहीतर गुरुवारी रात्री अकराला, कापले जातील ते माणशी 315 च. मग येतो शुक्रवारी पहाटे पाचचा टोला. घर झोपलेलं असताना 315 चे 630 होतात, चौघांचे 2,520. आणि शुक्रवारी दुपारी एक वाजला की 5,040 पैकी एक रुपयाही परत येत नाही.

मंदारचा विचार होता की शुक्रवारी सकाळी उठून, काकांचा ताप बघून ठरवू. माणसाचा विचार असाच चालतो. आपण "आदल्या दिवशी", "प्रवासाच्या दिवशी सकाळी" असे दिवस मोजतो. नियम तास मोजतो, तेही वेळापत्रकातल्या सुटण्याच्या वेळेपासून मागे. संध्याकाळच्या गाडीचा बारा तासांचा टोला नेहमी पहाटे पडायचा. रात्री दहाच्या गाडीचा सकाळी दहाला. सकाळी सातच्या गाडीचा आदल्या दिवशी संध्याकाळी सातला, म्हणजे आपण ऑफिसातून घरी परतत असतो तेव्हा. तिकीट काढलं की या तिन्ही वेळा फोनमध्ये टिपून ठेवाव्यात. पुढे ताप आला की कुणी मागे मोजत बसत नाही.

थांबावं की नाही

मावशीला तेव्हा मी सांगितलं ते असं. बुधवारी पाचच्या आत रद्द केलं तर चौघांमागे 504 रुपये वाचतात, पण रिपोर्ट सातला येणार आहे. तो साधा निघाला, काका उठून बसले, तर रद्द केलेली तिकिटं परत मिळणार नाहीत. मे महिन्यात नागपूरच्या गाडीला दोन दिवस आधी कन्फर्म जागा कुठून आणणार? तेव्हा हे 504 रुपये म्हणजे दीड दिवस विचार करायला मिळतो त्याची किंमत आहे. ती द्यावी असं माझं मत होतं. मात्र गुरुवारची रात्र उलटू द्यायची नाही, कारण पुढच्या टोल्याला आणखी 1,260 जातात आणि त्या बदल्यात विचार करायला मिळतात फक्त सकाळचे काही तास.

रिपोर्टमध्ये टायफॉइड निघाला. काकांचं जाणं रद्द झालं, त्यांच्याजवळ मावशी थांबणार हेही ठरलं. मंदार आणि अश्विनीला मात्र जाणं भाग होतं. इथे मंदारला वाटलं की चारही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत, म्हणजे सगळी रद्द करून दोन नवी काढावी लागणार. तसं करावं लागत नाही. रद्द करताना पडद्यावर चारही नावं येतात, त्यातल्या हव्या त्या नावांपुढे खूण करायची. पीएनआर तोच राहतो आणि उरलेल्यांच्या जागाही त्याच राहतात. फक्त तिकिटाची नवी प्रत उतरवून घ्यायची, म्हणजे तपासनिसापुढे घोळ होत नाही.

मंदारने गुरुवारी रात्री दहाला दोन नावं रद्द केली. दोघांचे 2,520 होते, त्यातले 630 कापले गेले आणि 1,890 परत यायचे ठरले.

एक वाट मात्र आमच्या सगळ्यांच्याच डोक्यातून निसटली. कन्फर्म तिकीट घरातल्या माणसाच्या नावावर करता येतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको एवढ्याच नात्यांत, आणि तेही एकदाच. त्यासाठी गाडीच्या किमान 24 तास आधी तिकिटाची प्रत, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा घेऊन आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. मावशीची मुलगी पुण्यातच असते आणि लग्नाला यायला एका पायावर तयार होती. पण हे मला आठवलं गुरुवारी रात्री. मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचलाच संपली होती. मावशीच्या नावचे 315 रुपये वाचले असते आणि भाचीच्या लग्नात एक माणूस वाढलं असतं.

स्वस्त तिकिटाची गंमत

नियमात एक छोटं वाक्य आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. 25 टक्के असोत की 50, कापायची रक्कम त्या वर्गाच्या ठरावीक रकमेपेक्षा कमी होणार नाही. महाग तिकिटाला याने काही फरक पडत नाही. स्वस्त तिकिटाला मात्र याने सगळा खेळच बदलतो.

समजा, स्लीपरचं तिकीट 400 रुपयांचं आहे. आठवडाभर आधी रद्द केलं तर 120 रुपये गेले. एक दिवस आधी रद्द केलं तर 25 टक्क्यांचे 100 होतात, पण किमान 120, म्हणून पुन्हा 120 च. म्हणजे या तिकिटाला 48 तासांचा टोला लागूच होत नव्हता. 12 तासांपर्यंत थांबलं तरी तोटा तेवढाच. स्लीपरला ही सीमारेषा 480 रुपयांच्या भाड्यावर येते, थ्री टायर एसीला 720 वर. भाडं त्याच्या आत असेल तर पहिल्या टोल्यासाठी जीव काढायची गरज नाही.

पण हीच रक्कम त्याहून स्वस्त तिकिटाला फार जड जाते. मुंबई-पुणे सेकंड सीटिंगचं तिकीट घ्या. भाडं साधारण शंभरच्या घरात. ते महिनाभर आधी रद्द केलं तरी 60 रुपये कापले जाणार, म्हणजे अर्ध्याहून जास्त. शंभर रुपयांचं तिकीट चार तास उरेपर्यंत कधीही रद्द केलं, तरी कापत 60 च. ऑनलाइन काढलं असेल तर त्यावर सुविधा शुल्कही गेलं. हे शुल्क आयआरसीटीसीचं असतं. साध्या डब्याच्या तिकिटाला 15 रुपये आणि एसीला 30, यूपीआयने पैसे भरले तर 10 आणि 20, वर जीएसटी. आपण तिकीट रद्द केलं तर ते परत मिळत नाही. मावशीच्या तिकिटावर ते 35 रुपये 40 पैसे होतं. पाच हजारांत ते दिसतही नाही, शंभरात डोळ्यांत खुपतं. शंभराचं तिकीट रद्द करताना "भरपूर आधी केलंय" याचं समाधान तेवढं पदरात पडतं.

वेटिंगवाल्याचा वेगळा सापळा

इथपर्यंत बोललो ते कन्फर्म तिकिटाबद्दल. वेटिंग आणि आरएसी तिकिटाला तासांची ही शिडी नाही. गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द केलं तर माणशी 60 रुपये कारकुनी खर्चापोटी कापतात, एसीला त्यावर जीएसटी, बाकी सगळं परत. शिवाय ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगलाच असेल, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात येतात. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला ही सोय नाही, ते आपण होऊन रद्द करावं लागतं.

"आपोआप रद्द होतं" या भरवशावरच लोक फसतात. मंदारच्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. दिवाळीत पुण्याहून जायला स्लीपरची दोन तिकिटं, माणशी 540 रुपये, दोन्ही वेटिंग. आदल्या दिवशीपर्यंत यादी फारशी हलली नाही म्हणून त्याने बसची तिकिटं काढली. रेल्वेचं तिकीट तसंच सोडून दिलं. म्हणाला, कन्फर्म होणार नाही, पैसे आपोआप येतील.

गाडीच्या दहा तास आधी फोनवर संदेश आला की दोन्ही जागा कन्फर्म. एरवी माणूस पेढे वाटेल, पण याच्या पोटात गोळा आला. वेटिंगमध्ये असताना रद्द केलं असतं तर दोघांचे मिळून 120 रुपये गेले असते. आता तिकीट कन्फर्म झालं होतं आणि वेळ बारा तासांच्या आतली. म्हणजे निम्मं भाडं, दोघांचे 540. तो संदेश न वाचता बसमध्ये झोपला असता, तर चार तासांचा टोला पडून 1,080 च्या 1,080 गेले असते.

नियमाला तिकीट काढतानाची स्थिती कळत नाही, रद्द करतानाची कळते. रद्द करायच्या क्षणी जागा कन्फर्म असेल तर ते कन्फर्म तिकीट, मग ते दोन महिने वेटिंगला का राहिलेलं असेना. तेव्हा दुसरी सोय झाली की वेटिंगचं तिकीट त्याच दिवशी रद्द करून टाकावं.

याच्या उलट, प्रवाशाच्या बाजूची एक तरतूदही आहे. एकाच तिकिटावर काही जण कन्फर्म आणि काही जण वेटिंग किंवा आरएसी असतील, आणि सगळ्यांनाच जायचं नसेल, तर गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत सगळ्यांचंच तिकीट रद्द करता येतं आणि कन्फर्म असलेल्यांचेही फक्त कारकुनी खर्च वगळून पैसे मिळतात. कारण उघड आहे. चौघांच्या कुटुंबात एकाला जागा मिळाली म्हणून तो एकटा प्रवासाला निघत नाही. पण हे सगळं तिकीट एकच असेल तर. पैसे वाचवायला किंवा जागा लवकर मिळावी म्हणून चौघांची चार वेगवेगळी तिकिटं काढली, तर ही सवलत हातची जाते.

तत्काळच्या कन्फर्म तिकिटाबद्दल एका वाक्यात सांगता येतं. ते आपण होऊन रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही, कितीही आधी केलं तरी.

चार्ट लागला की

ऑनलाइन तिकीट रद्द करण्याचं बटण चार्ट तयार होईपर्यंतच चालतं. चार्ट लागला की तिकिटाची यादी गाडीबरोबरच्या कर्मचाऱ्यांकडे जाते आणि आपल्यापुढे उरतो टीडीआर. हे एक निवेदन असतं: अमुक कारणामुळे प्रवास झाला नाही किंवा ठरल्यासारखा झाला नाही, तरी पैसे मिळावेत. आयआरसीटीसी ते संबंधित रेल्वेकडे पाठवते. तिथे प्रवासाच्या नोंदी तपासतात आणि मग निर्णय होतो. त्याला दोन महिने सहज लागतात.

टीडीआर भरला म्हणजे काहीतरी मिळेल, अशी एक समजूत आहे. गाडी चुकली, ट्रॅफिकमध्ये अडकलो, घरी अचानक अडचण आली, ही कारणं माणुसकीला पटतात. कन्फर्म तिकिटाच्या नियमाला ती पटत नाहीत. मिळतात ते पैसे रेल्वेच्या बाजूने काही उणं राहिलं असेल तर. एसी बंद होता, वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसवलं, तर भाड्यातला फरक मिळतो.

यातलं सगळ्यात उपयोगाचं कारण आहे उशीर. गाडी आपल्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडं परत मिळतं. तासांची शिडी इथे लागू होत नाही आणि काही कापतही नाहीत. फक्त टीडीआर गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरावा लागतो. पाचची गाडी साडेआठला सुटणार असेल, तर साडेआठच्या आत. बरेच जण चिडून घरी जातात, जेवतात, झोपतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टीडीआर भरायला बसतात. तोवर त्यांची गाडी मनमाडच्या पुढे गेलेली असते आणि हक्कही तिच्याबरोबर गेलेला असतो.

इथे दोन वेळांची गल्लत होते, म्हणून सांगतो. शिडीचे टोले वेळापत्रकातल्या वेळेवर पडतात. गाडी दोन तास उशिरा आहे म्हणून शेवटचा टोला दोन तास पुढे सरकत नाही. पण उशिराचा टीडीआर भरताना प्रत्यक्ष सुटण्याची वेळ बघतात.

रेल्वेनेच गाडी रद्द केली तर प्रश्नच नाही. ऑनलाइन तिकिटाचं पूर्ण भाडं आपोआप परत येतं. खिडकीवरचं तिकीट असेल तर तीन दिवसांच्या आत ते खिडकीवर द्यावं लागतं. खिडकीवरच्या कन्फर्म तिकिटाबाबत आणखी एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहाटेचा टोला पडणार आहे आणि आरक्षण केंद्र बंद आहे, अशा वेळी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा 139 वर ते रद्द करता येतं. तिकीट काढताना अर्जावर लिहिलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. रद्द झाल्याची वेळ तीच धरतात, पैसे मात्र नंतर खिडकीवर जाऊन घ्यावे लागतात. म्हणून अर्जावर मोबाइल नंबर लिहायचा कंटाळा करू नये, आणि दुसऱ्याचा नंबर तर मुळीच लिहू नये.

ऑनलाइनचे पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात येतात, बहुधा आठवड्याभरात. एजंटकडून तिकीट काढलं असेल तर ते एजंटच्या खात्यात जातात. अधिकृत एजंटने रद्द केलेल्या तिकिटाच्या परताव्याची रक्कम ओटीपीसोबत प्रवाशाच्या फोनवर कळवली जाते. तो आकडा वाचून ठेवावा. एजंटने हातावर ठेवलेली रक्कम त्याच्याशी जुळली पाहिजे.

सरकणारे टोले

मावशीला हे सगळं सांगितल्यावर काका पलंगावरून म्हणाले, "आमच्या वेळी गाडी चुकली तरी निम्मे पैसे मिळायचे." मला वाटलं, तापात बोलतायत. पण त्यांचं खरं होतं. 2013 पर्यंत 24 तासांच्या आधी रद्द केलं तर ठरावीक रक्कमच कापत, 4 तासांपर्यंत 25 टक्के, आणि त्यानंतर, अगदी गाडी गेल्यावरही काही तास, 50 टक्के परत मिळत. प्रवास जितका लांबचा, तितके ते तास जास्त.

1 जुलै 2013 पासून 24 चे 48 झाले, आणि गाडी सुटल्यानंतरची मुदत सरसकट दोन तासांवर आली. 2015 मध्ये ठरावीक रक्कम दुप्पट झाली. स्लीपरचे 60 होते ते 120 झाले, थ्री टायर एसीचे 90 होते ते 180. गाडी गेल्यानंतरचं दार तर बंदच झालं. जानेवारी 2026 मध्ये वंदे भारत स्लीपर सुरू झाली, तिच्या तिकिटांना आणखी कडक शिडी लावली गेली: 72 तासांच्या आधीही 25 टक्के, 72 ते 8 तासांत 50 टक्के, आणि शेवटचे आठ तास काहीच नाही. चार्टही पूर्वी चार तास आधी लागायचा, तो आठ तास आधी लावायचा निर्णय 2025 मध्ये झाला.

दर वेळी टोले एकाच दिशेने सरकले आहेत, गाडीपासून लांब. तेव्हा तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तुमच्या गाडीला कोणते तास लागू आहेत, ते तिकीट काढतानाच बघून घ्या. इथले आकडे मावशीच्या तिकिटाचे आहेत. मोजायची रीत मात्र बदललेली नाही: वेळापत्रकातली वेळ धरा, तिच्यापासून मागे मोजा, आणि रद्द करायच्या क्षणी जागेची स्थिती काय आहे ते बघा.

रेल्वेची बाजू आरएसीच्या रांगेतून दिसते. कन्फर्म जागा रद्द झाली की आरएसीतला पहिला माणूस कन्फर्म होतो, वेटिंगमधला पहिला आरएसीत जातो आणि मागची यादी एकेक पायरी पुढे सरकते. हे दोन दिवस आधी झालं तर त्या माणसाला बॅग भरता येते, रजा टाकता येते. शेवटच्या तासाला झालं तर तो तोवर बसने निघून गेलेला असतो आणि बर्थ रिकामा धावतो. आपण किती आधी कळवलं, त्यावर रक्कम ठरते. आपली जागा पुढे विकली गेली की नाही, हे या हिशोबात कुठेही येत नाही. मावशीला हेच पटेना. "अरे, त्यांनी आमची जागा दुसऱ्याला दिलीच ना? मग आमचे पैसे का कापले?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमातही ते नाही.

शुक्रवारी रात्री मंदारने गाडीतून फोन केला. समोरच्या खालच्या बर्थवर अकोल्याचे एक आजोबा आले होते. तीन आठवडे आरएसी होतं त्यांचं. बाजूच्या बर्थवर कुणाबरोबर तरी अर्धं अर्धं बसून रात्र काढायची तयारी करून त्यांनी गुडघ्याला बांधायचा पट्टाही बरोबर घेतला होता. गुरुवारी रात्री झोपण्यापूर्वी त्यांच्या मुलाने फोन बघितला, तर तिकीट कन्फर्म.

"किती वाजता बघितलं म्हणाले?" मावशीने विचारलं.

"साडेदहाला."

मावशी क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "बरं झालं, सकाळपर्यंत थांबलो नाही ते."

मंगळवारी मंदारच्या खात्यात 1,890 रुपये जमा झाले.